चिठ्ठीत न निघालेली फुलं

संख्याशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी आयरिसच्या १५० फुलांची यादी कधी ना कधी हाताळलेली असते. एडगर अँडरसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने ही फुलं मोजून घेतली आणि रोनाल्ड फिशरने १९३६ साली ती मापं आपल्या लेखात छापली. तेव्हापासून वर्गीकरणाची कुठलीही नवी पद्धत निघाली, की ती आधी या फुलांवर चालवून बघायची असा रिवाजच पडला आहे. जाती तीन, प्रत्येकीची ५० फुलं आणि प्रत्येक फुलाची चार मापं: बाहेरच्या पाकळीची लांबी-रुंदी आणि आतल्या पाकळीची लांबी-रुंदी, सगळी सेंटीमीटरमध्ये. या मापांवरून फुलाची जात सांगायची, एवढंच काम. सेटोसा ही जात इतकी वेगळी आहे की तिच्याबाबत सहसा कुणाची चूक होत नाही. घोटाळा होतो तो व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या दोघींमध्ये.

समजा, आपण जात ओळखणारं एक गणित तयार केलं. ते किती चुकतं, हे कसं कळणार? ज्या फुलांवर ते शिकलं त्याच फुलांवर तपासलं, तर उत्तर फसवं येणार, कारण ती फुलं त्याने पाहिलेली आहेत. म्हणून सरसकट वापरला जाणारा उपाय असा, की काही फुलं सुरुवातीलाच बाजूला काढायची, उरलेल्यांवर शिकायचं आणि शेवटी बाजूला काढलेल्यांवर तपासायचं. बाजूच्या या ढिगाला टेस्ट सेट म्हणतात. उपाय चोख आहे, पण महाग आहे. १५० पैकी ३० फुलं बाजूला ठेवली, तर शिकायला १२०च उरतात. शिवाय तीस फुलांत एक चूक म्हणजे ३.३ टक्के. गणित खरोखर शंभरात पाच वेळा चुकणारं असेल, तर तीस फुलांत सरासरी दीड चूक अपेक्षित आहे. प्रत्यक्षात एका वाटणीत शून्य चुका सापडतील, दुसऱ्या वाटणीत चार. मग अहवालात शून्य टक्के लिहायचे की तेरा?

कमी माहिती असणाऱ्यांची ही अडचण जुनीच आहे. तिच्यातून बाहेर पडायची एक वाट लिओ ब्रायमन यांच्या १९९६ सालच्या कामात आहे. ब्रायमन हे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ. त्यांची मूळ अडचण वेगळीच होती. डिसिजन ट्री, म्हणजे ‘आतली पाकळी अमुक सेंटीमीटरपेक्षा लांब आहे का?’ असे हो-नाहीचे प्रश्न विचारत उत्तरापर्यंत पोचणारं झाड, फार चंचल असतं. दहा-पंधरा फुलं इकडची तिकडे केली तरी झाडाच्या फांद्या बदलतात. ब्रायमननी त्यावर असं सुचवलं, की एकाच झाडावर विसंबू नका. पुष्कळ झाडं वाढवा आणि त्यांचं बहुमत घ्या. पण एकाच यादीवरून पुष्कळ निरनिराळी झाडं कशी वाढवायची? इथे त्यांनी स्टॅनफर्डच्या ब्रॅडली एफ्रन यांची १९७९ सालची बूटस्ट्रॅपची युक्ती उचलली.

बूटस्ट्रॅप म्हणजे चिठ्ठ्या काढणं. भिशीत एकदा नाव निघालं की ती चिठ्ठी पुन्हा डब्यात टाकत नाहीत. इथे मात्र निघालेला नंबर टिपून घ्यायचा आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. यादीत जितक्या ओळी, तितक्या वेळा चिठ्ठी काढायची. दहा चिठ्ठ्यांवर करून पाहू. समजा क्रमाने ३, ७, ७, १, १०, ३, ८, ५, १, ७ असे नंबर निघाले. पिशवीत दहा नंबर जमा झाले, पण त्यात सात तीनदा आलाय, एक आणि तीन दोन-दोनदा. आणि २, ४, ६, ९ हे चार नंबर आलेलेच नाहीत. या पिशवीवर एक झाड वाढवायचं, मग पुन्हा चिठ्ठ्या काढून दुसरी पिशवी भरायची, तिच्यावर दुसरं झाड, असं करत पाचशेपर्यंत जायचं. शेवटी सगळ्या झाडांची मतं मोजायची. या सगळ्या कारभाराला बॅगिंग म्हणतात. रँडम फॉरेस्ट हे ब्रायमननीच २००१ साली मांडलेलं त्याचं पुढचं रूप. त्यात प्रत्येक फांदीला सगळी मापं खुली नसतात, त्यांतली थोडीच चिठ्ठीने निवडून दिली जातात.

आता त्या न निघालेल्या चार नंबरांकडे बघा. पहिल्या झाडाने ती फुलं पाहिलेलीच नाहीत. म्हणजे पहिल्या झाडापुरता तो आयता टेस्ट सेट झाला. तो कुणी मुद्दाम बाजूला काढला नव्हता. चिठ्ठ्यांनीच तो मागे ठेवला.

असे किती मागे राहतात, याचा हिशेब सोपा आहे. दहा चिठ्ठ्यांत एका वेळी तुमचा नंबर न निघण्याची शक्यता नऊ-दशांश. दहाही वेळा न निघण्याची शक्यता म्हणजे ०.९ ला दहा वेळा गुणायचं, उत्तर ०.३४९. आयरिसच्या यादीत १४९ भागिले १५० ला १५० वेळा गुणा, उत्तर ०.३६७. यादी कितीही वाढवली तरी हा आकडा ०.३६८ च्या पुढे जात नाही. तेव्हा यादी दीडशेची असो वा दीड लाखाची, प्रत्येक पिशवीबाहेर साधारण ३७ टक्के ओळी राहणार, हे ठरलेलं. तीच गोष्ट फुलाच्या बाजूने पाहिली तर पाचशे झाडांपैकी सुमारे १८३ झाडांनी एखादं ठरावीक फूल पाहिलेलं नसतं आणि सुमारे ३१७ झाडांनी पाहिलेलं असतं.

आउट-ऑफ-बॅग, म्हणजे पिशवीबाहेरची चूक मोजताना या १८३ झाडांचीच मतं घ्यायची. प्रत्येक फुलासाठी आधी ठरवायचं, की कोणत्या झाडांच्या पिशवीत ते नव्हतं. फक्त त्याच झाडांना विचारायचं, त्यांचं बहुमत त्या फुलाचं उत्तर म्हणून नोंदवायचं. सगळ्या फुलांची अशी उत्तरं झाली की चुकलेली किती ते मोजायचं. पुष्कळांची इथे एक गल्लत होते. त्यांना वाटतं, प्रत्येक झाड आपल्या पिशवीबाहेरच्या फुलांवर किती चुकतं ते काढून त्याची सरासरी घ्यायची. ती सरासरी एकट्या-दुकट्या झाडाची चूक सांगेल, आणि ती बहुधा जास्तच येईल. आपल्याला चूक हवी आहे ती समूहाची. म्हणून मतदान आधी, मोजणी नंतर.

यादीतलं १०७ नंबरचं फूल घ्या. जात व्हर्जिनिका, आतली पाकळी ४.५ सेंटीमीटर लांब आणि १.७ रुंद. व्हर्जिनिकाच्या आतल्या पाकळीची सरासरी लांबी ५.५५ आहे, व्हर्सिकलरची ४.२६. म्हणजे हे फूल व्हर्जिनिकांमध्ये खुजं आहे आणि दिसायला व्हर्सिकलरांच्या घोळक्यातलं वाटतं. ज्या १८३-एक झाडांनी ते पाहिलेलं नाही, त्यांतली बहुतेक त्याला व्हर्सिकलर म्हणतात. पिशवीबाहेरच्या मोजणीत ती चूक म्हणून नोंदली जाते, आणि ते रास्त आहे. असं नवं फूल उद्या समोर आलं तर आपलं गणित खरंच चुकणार आहे. पण ज्या ३१७ झाडांच्या पिशवीत हे फूल होतं, त्यांनी ते जवळपास पाठच करून टाकलेलं असतं, कारण ही झाडं छाटणी न करता शेवटच्या पानापर्यंत वाढू दिलेली असतात. सगळ्या पाचशेंना एकत्र विचारलं तर ३१७ जण १८३ जणांवर मात करतात आणि उत्तर ‘बरोबर’ येतं. पाहिलेल्यांचं बहुमत न पाहिलेल्यांची चूक झाकून टाकतं.

हे प्रत्यक्ष बघायला आर भाषेत चार-पाच ओळी पुरतात:

```r
library(randomForest)
rf <- randomForest(Species ~ ., data = iris, ntree = 500)
print(rf)
mean(predict(rf) != iris$Species)
mean(predict(rf, iris) != iris$Species)
```

`print(rf)` केल्यावर `OOB estimate of error rate` अशी ओळ दिसते आणि तिच्यापुढे सहसा चार-पाच टक्के, म्हणजे दीडशेत सहा-सात फुलं. खालच्या तक्त्यात सेटोसाची सगळी पन्नास जागच्या जागी असतात. चुका दुसऱ्या दोन जातींत वाटलेल्या. शेवटच्या दोन ओळी सारख्याच दिसतात, पण त्यांची उत्तरं वेगळी येतात. `predict(rf)` ला यादी दिली नाही तर ते पिशवीबाहेरची उत्तरं देतं आणि तेच चार-पाच टक्के दाखवतं. `predict(rf, iris)` ला मात्र ती फुलं जणू नवी आहेत असं वाटतं, ते पाचशेच्या पाचशे झाडांना विचारतं आणि चूक शून्य किंवा शून्याजवळ दाखवतं. कंसातल्या एका शब्दाने एवढा फरक पडतो. एखाद्या अहवालात ‘अचूकता १०० टक्के’ दिसली, तर माझी पहिली शंका या दुसऱ्या प्रकारच्या ओळीवर असते.

पिशवीबाहेरच्या मोजणीला फुकटची म्हणतात ते खर्चाच्या अर्थाने. नेहमीच्या दहापदरी पडताळणीत यादीचे दहा भाग करतात आणि दर वेळी एक भाग वगळून पुन्हा जंगल वाढवतात. पाचशे झाडांचं जंगल दहादा वाढवायचं म्हणजे पाच हजार झाडं, आणि शेवटी सगळ्या यादीवर आणखी पाचशे. पिशवीबाहेरच्या पद्धतीत झाडं पाचशेच. ती तशीही वाढवायचीच होती. जास्तीचं काम एवढंच, की कोण कोणाच्या पिशवीत नव्हतं याची नोंद ठेवायची आणि त्याप्रमाणे मतं मोजायची. शिवाय शिकण्यासाठी सगळी १५० फुलं वापरता येतात. ब्रायमननी आपल्या प्रयोगांच्या आधारे लिहिलं होतं, की ही मोजणी मूळ यादीइतकाच मोठा स्वतंत्र टेस्ट सेट वापरल्याइतकी अचूक निघते.

पण झाडं पुरेशी हवीत. पाचच झाडं वाढवली, तर सुमारे दहा टक्के फुलं, म्हणजे पंधरा-एक, पाचही पिशव्यांत सापडतात. त्यांना विचारायला न पाहिलेलं एकही झाड उरत नाही. दहा झाडांवर अशी एक-दोन फुलं राहतात. पायथॉनमधलं `scikit-learn` अशा वेळी सरळ इशारा देतं, की काही ओळींना पिशवीबाहेरचा गुणच नाही. शेकड्यात झाडं असली की हा प्रश्न मिटतो. पण तरी एक तिरकी गोष्ट राहतेच: प्रत्येक फुलाचं उत्तर पाचशेपैकी एक-तृतीयांशाहून थोड्या जास्त झाडांनीच दिलेलं असतं, आणि पूर्ण जंगल त्याहून थोडं शहाणं असतं. त्यामुळे ही चूक खऱ्यापेक्षा किंचित जास्त दिसण्याकडे झुकते. झाडं वाढवत गेलात की हा झुकाव विरतो. चुकीचा आलेख काढून तो सपाट झाला का ते पाहावं, एवढी खबरदारी पुरे.

ओळी अगदी थोड्या असल्या तर आणखी एक झुकाव येतो, आणि तो झाडं वाढवून जात नाही. दोन जातींची दहा-दहा फुलं आहेत असं धरा. एक फूल पिशवीबाहेर राहिलं, तर पिशवी भरते उरलेल्या एकोणीस फुलांतून, ज्यात त्याच्या जातीची नऊ आणि दुसऱ्या जातीची दहा. म्हणजे त्या फुलाबद्दल मत देणाऱ्या प्रत्येक झाडाने त्याच्या जातीची फुलं सरासरीने जराशी कमीच पाहिलेली असतात. मापांत काहीच दम नसेल आणि खरी चूक पन्नास टक्के असेल, तर ही मतं दुसऱ्या जातीकडे झुकून पिशवीबाहेरची चूक पन्नासच्या वर जाते. सिल्के यानित्सा आणि रोमान होर्नुंग यांनी २०१८ साली हे तपशिलात दाखवलं. प्रत्येक जातीच्या चिठ्ठ्या वेगळ्या डब्यात ठेवून ठरल्या संख्येने काढल्या, की हा दोष बराच आटोक्यात येतो. हजारो ओळी असणाऱ्याने याची काळजी करू नये.

आतापर्यंतचे झुकाव चूक जास्त दाखवणारे होते. त्यांनी फार नुकसान होत नाही. माणूस फार तर उगाच जास्त सावध राहतो. खरी पंचाईत उलट्या दिशेची असते, आणि तिचा नमुना याच आयरिसच्या यादीत आहे. १०२ आणि १४३ नंबरची फुलं शब्दशः एकसारखी आहेत: ५.८, २.७, ५.१, १.९, जात व्हर्जिनिका. एखाद्या झाडाच्या पिशवीबाहेर १०२ राहिलं, तरी १४३ त्या पिशवीत असण्याची शक्यता ६३ टक्के. कागदोपत्री झाडाने १०२ पाहिलेलं नाही. प्रत्यक्षात त्याचा जुळा पाहिलेला आहे. दीडशेत एकच जोडी असल्यामुळे इथे काही बिघडत नाही. पण सगळी यादीच जुळ्या-तिळ्यांची असेल तर?

अशी यादी मुद्दाम शोधायला नको. पार्किन्सन्स ओळखण्यासाठी आवाजाच्या मापांचा एक संच ऑक्सफर्डच्या मॅक्स लिटल यांनी २००८ साली सगळ्यांसाठी खुला केला आणि तो आजही शिकण्या-शिकवण्यात सर्रास वापरतात. ओळी १९५, प्रत्येक ओळीत एका ध्वनिमुद्रणाची २२ मापं. पण माणसं फक्त ३१, त्यांतले २३ पार्किन्सन्सचे रुग्ण. म्हणजे माणशी सहा-एक मुद्रणं. आता चिठ्ठ्या ओळींच्या काढल्या, तर एका माणसाचं एक मुद्रण पिशवीबाहेर असताना त्याची बाकीची पाचही मुद्रणं बाहेर असण्याची शक्यता किती? ०.३६८ ला पाच वेळा गुणा: ०.००७. हजार झाडांत सात. उरलेल्या ९९३ झाडांनी त्या माणसाचा आवाज आधी ऐकलेला आहे. आवाजाची पट्टी, तिचा चढ-उतार ही मापं आजारापेक्षा माणसाचीच ओळख जास्त सांगतात. झाड ‘हा अमक्याचा आवाज’ एवढं ओळखतं आणि अमका रुग्ण होता हे त्याला आधीच ठाऊक असतं. पिशवीबाहेरची चूक सुंदर कमी येते, आणि उद्या दवाखान्यात बत्तिसावा माणूस आला की त्या आकड्याचा काही उपयोग राहत नाही.

साधा टेस्ट सेट ओळींची वाटणी करून केला असता तरी नेमकं हेच झालं असतं, त्यामुळे दोष एकट्या पिशवीबाहेरच्या पद्धतीचा नाही. पण टेस्ट सेट करताना माणूस निदान क्षणभर थांबतो, काय बाजूला काढायचं याचा विचार करतो. इथे आकडा आपोआप पडद्यावर येतो, म्हणून तो विचार राहून जातो. उपाय चिठ्ठ्यांतच आहे. डब्यात १९५ ओळींच्या चिठ्ठ्या न टाकता ३१ माणसांच्या टाकायच्या. एखाद्या माणसाचं नाव निघालं की त्याची सगळी मुद्रणं पिशवीत, नाही निघालं तर सगळी बाहेर. दर पिशवीबाहेर साधारण अकरा माणसं राहतील, आणि ती त्या झाडाला खरोखर अनोळखी असतील. `ranger` या आरमधल्या पॅकेजला `inbag` म्हणून प्रत्येक झाडाची पिशवी आपण स्वतः भरून देता येते. जिथे ही सोय नाही तिथे माणसांवर गट पाडून दहापदरी पडताळणी करणं बरं. दोन्ही तऱ्हेने चूक काढून बघावी. ओळींच्या चिठ्ठ्यांचा आकडा माणसांच्या चिठ्ठ्यांपेक्षा बराच कमी आला, तर मधल्या फरकाइतकी अचूकता ओळखीच्या आवाजांची होती, हे उघड होतं.

हीच फट आणखी एका सवयीतून पडते. एखादी जात यादीत कमी असली की तिच्या ओळींच्या नकला करून संख्या वाढवतात आणि मग जंगल वाढवतात. अशा नकलांच्या यादीवर निघालेली पिशवीबाहेरची चूक वाचूच नये. नकला करायच्याच असतील तर प्रत्येक पिशवी भरून झाल्यावर तिच्या आत कराव्यात. आणि वीस निरनिराळ्या सेटिंग्जवर जंगलं वाढवून त्यांतला सगळ्यात कमी आकडा छापणं, हाही थोडा लबाडीचाच व्यवहार. निवड झाल्यावर तो आकडा निष्पक्ष राहत नाही.

काळाच्या बाबतीत मात्र चिठ्ठ्यांचा उपाय चालत नाही. रोजच्या हवेच्या नोंदी असतील, तर मंगळवार पिशवीबाहेर आणि सोमवार-बुधवार आत, असं हरघडी होणार. मंगळवारची हवा आदल्या-नंतरच्या दिवसांवरून कुणीही सांगेल. उद्याची सांगायची तर बुधवार हाताशी नसतो. ब्रायमन स्वतः विद्यापीठात परतण्यापूर्वी सल्लागार म्हणून काम करत होते, तेव्हा लॉस एंजेलिसमधल्या ओझोनचा अंदाज बारा तास आधी बांधण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. सात वर्षांच्या नोंदी होत्या, साडेचारशेहून अधिक मापं. बॅगिंग तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. त्यांनी पहिल्या पाच वर्षांवर गणित बसवलं आणि शेवटची दोन वर्षं तपासणीसाठी राखून ठेवली. खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण फार जास्त निघालं आणि प्रकल्प फसला. आज तेच काम पाचशे झाडांनी करायला घेतलं, तरी शेवटची दोन वर्षं तशीच राखून ठेवावी लागतील.